वासावर घर शोधणारा सॉकाय

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आई माझ्याकडे कॅनडात आली होती, तेव्हा तिला ॲडम्स नदी दाखवायला घेऊन गेलो. व्हँकूवरहून गाडीने पाच-साडेपाच तासांचा रस्ता. नदी म्हणजे गुडघाभर, फार तर कमरेएवढं स्वच्छ पाणी, तळाशी गोटे, आणि त्या पाण्यात दाटीवाटीने उभे राहिलेले लालभडक मासे. अंग कुंकवासारखं लाल, डोकं मात्र शेवाळी हिरवं. सगळ्यांची तोंडं प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला. आईचं लहानपण गुहागरजवळ गेलं. लाकडी कठड्याला धरून तिने जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "अरे, हे तर चढणीचे मासे!" मग लगेच, "एवढे मासे समोर असताना कुणी धरत कसं नाही इथे?"

कोकणातल्या माणसाला चढणीचे मासे वेगळे सांगायला नकोत. पहिला जोराचा पाऊस झाला की नदीतले मासे अंडी घालायला ओढ्यांतून, व्हाळांतून, थेट भातखाचरांपर्यंत वर चढतात. रायगडकडे याला वलगण म्हणतात. आईची तुलना निम्मी बरोबर होती. हे मासेसुद्धा अंडी घालायलाच चढून आले होते. फरक एवढाच की आपले मासे नदीतून खाचरात येतात, आणि हे अलास्काच्या आखातातून आले होते. दोन वर्षं समुद्रात काढून, पुन्हा त्याच नदीत, जिथे चार वर्षांपूर्वी त्यांची अंडी घातली गेली होती.

"यांना कळतं कसं कुठे जायचं ते?" आईने विचारलं. मी म्हणालो, "वासावरून." ती हसली. मी थट्टा करतोय असं तिला वाटलं. गाडीत बसल्यावर जे सांगायचा प्रयत्न केला, तेच इथे जरा नीट सांगतो.

एक गोष्ट आधी बाजूला करू. आपल्याकडच्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात. रावस चवीला उत्तम, पण त्याचा सॅमनशी काही नातेसंबंध नाही. दोघांची कुळंच वेगळी. आपण बोलतोय ते सॉकाय या जातीच्या सॅमनबद्दल. हे नाव इथल्या किनाऱ्यावरच्या कोस्ट सॅलिश लोकांच्या भाषेतून आलं आहे. इंग्रजी कानाला ते मोजे आणि डोळे यांच्यासारखं ऐकू येतं, पण त्याचा दोन्हींशी संबंध नाही.

आता एकच मादी घेऊ आणि तिच्या मागे मागे जाऊ. तिचं अंडं २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ॲडम्सच्या तळाशी, गोट्यांच्या खाली पुरलं गेलं. हिवाळाभर ते तिथेच होतं. अंड्यातून बाहेर आल्यावरही पिल्लू काही आठवडे गोट्यांच्या फटीतच राहतं, पोटाला लटकलेली बलकाची पिशवी संपवत. २०१९ च्या वसंतात ते पहिल्यांदा उघड्या पाण्यात आलं आणि प्रवाहाबरोबर खाली शुस्वॅप नावाच्या मोठ्या तळ्यात पोचलं. तिथे एक वर्ष. मग २०२० च्या मे महिन्यात, बोटाएवढं झालेलं ते पिल्लू तळ्यातून निघालं: लिटल नदी, साऊथ थॉम्पसन, थॉम्पसन, फ्रेझर आणि समुद्र. साधारण पाचशे किलोमीटर. मग व्हँकूवर बेटाच्या आतल्या बाजूने उत्तरेकडे आणि पुढे खुल्या पॅसिफिकमध्ये. २०२२ च्या उन्हाळ्यात ती परत फिरली तेव्हा तिचं वजन अडीच-तीन किलो झालं होतं.

या संपूर्ण प्रवासात तिला वाट दाखवणारं कुणी नसतं. तिचे आईवडील तिच्या जन्माआधीच मेलेले असतात. म्हणजे परतीच्या वाटेबद्दल तिला जे काही ठाऊक आहे ते दोनच ठिकाणांहून आलेलं असू शकतं: एक उपजत, आणि दुसरं म्हणजे जाताना तिने स्वतः गोळा केलेलं. शास्त्रज्ञांची निम्मी मेहनत हे दुसरं गाठोडं उलगडण्यात गेली आहे.

सुरुवात आर्थर हॅस्लर यांच्यापासून करावी लागते. हे विस्कॉन्सिन विद्यापीठात तळ्यांचा अभ्यास करत. दुसऱ्या महायुद्धानंतर ते युटामधल्या आपल्या लहानपणच्या डोंगरात फिरायला गेले होते. एका कड्याआड लपलेल्या धबधब्याजवळ पोचता पोचता वाऱ्यावरून शेवाळाचा आणि रानफुलांचा वास आला, आणि धबधबा दिसायच्या आधीच लहानपणच्या कधीच्या विसरलेल्या आठवणी उसळून वर आल्या. त्यांच्या मनात आलं, माणसाच्या नाकाची ही गत, तर सॅमनचं काय होत असेल? आपल्याला हे समजायला कठीण नाही. पहिल्या पावसाचा मातीचा वास आला की आपणही कुठल्यातरी अंगणात जाऊन उभे राहतो.

पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून हॅस्लर आणि त्यांचे विद्यार्थी वॉरन विस्बी यांनी सिॲटलजवळच्या इसाक्वा ओढ्यावर एक साधा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९५४ मध्ये छापून आले. हा ओढा एका ठिकाणी दोन फाट्यांत विभागतो. दोन्ही फाट्यांत चढून आलेले कोहो जातीचे सॅमन पकडले, त्यांना खुणा केल्या, आणि संगमाच्या खाली परत पाण्यात सोडलं. निम्म्यांच्या नाकपुड्या बोळे घालून बंद केल्या होत्या. ज्यांची नाकं उघडी होती ते बहुतेक सगळे पुन्हा आपापल्या फाट्यात गेले. नाक बंद असलेले वाटेल तिकडे गेले. डोळे उघडे होते, अंगात ताकद होती, पाणी तेच होतं. तरी वाट सापडली नाही.

माशाचं नाक आपल्यासारखं घशाला जोडलेलं नसतं. मुस्कटावर छोटी भोकं असतात, पुढच्यातून पाणी आत येतं आणि मागच्यातून बाहेर जातं, मधे घड्या घातलेलं नाजूक अस्तर. श्वास घेण्याचं काम कल्ल्यांचं. नाक फक्त वासासाठी.

इसाक्वाच्या प्रयोगाने एवढं सिद्ध झालं की नाक लागतं. नदीचा वास पिल्लूपणीच पाठ होतो का, हे अजून उरलं होतं. ते १९७० च्या दशकात मिशिगन तळ्याच्या काठी ठरलं. हॅस्लर यांच्या गटाने मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या कोहोच्या पिल्लांचे गट केले. एका गटाच्या पाण्यात मॉर्फोलिन नावाचं रसायन अगदी नाममात्र मिसळलं, दुसऱ्याच्या पाण्यात फिनेथिल अल्कोहोल, जे गुलाबाच्या वासातला एक घटक आहे. तिसऱ्या गटाला काहीच नाही. ही रसायनं तिथल्या कुठल्याही ओढ्यात नैसर्गिकरीत्या नसतात. मग पिल्लं तळ्यात सोडली. दीड वर्षाने ते मासे चढायच्या बेतात आले, तेव्हा एका ओढ्यात मॉर्फोलिन थेंब थेंब सोडलं आणि दुसऱ्यात ते गुलाबी रसायन. मॉर्फोलिनवर वाढलेले मासे मॉर्फोलिनच्या ओढ्यात आले, गुलाबावर वाढलेले गुलाबाच्या ओढ्यात. काहीच न मिळालेले मासे इकडेतिकडे विखुरले. गंमत म्हणजे ज्या ओढ्यात ते 'घरी' आले, तो त्यांनी आयुष्यात कधी पाहिलेलाही नव्हता. त्यांचं घर म्हणजे एक वास होता, आणि तो वास माणसांनी उचलून भलतीकडे नेऊन ठेवला होता.

मला हा सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो. महागडं काहीच नाही, एक बाटली आणि वाट पाहण्याची तयारी.

खऱ्या नदीत मात्र एकच रसायन नसतं. वरच्या जंगलातली माती, झाडांचा कुजलेला पाला, गोट्यांवरची बुळबुळीत साय, त्यातले जिवाणू या सगळ्यांतून पाण्यात काही ना काही विरघळत असतं, आणि प्रत्येक ओढ्याचं मिश्रण वेगळं. एकाच सातबाऱ्यातल्या दोन विहिरींच्या पाण्याला वेगळी चव असते, तसंच. जपानमध्ये होक्काइदोच्या शास्त्रज्ञांनी नदीच्या पाण्यातली अमिनो आम्लं मोजून, त्याच प्रमाणात मिसळून नकली 'नदी' तयार केली, तेव्हा सॅमनच्या नाकाने आणि माशांनीही तिला बऱ्याच अंशी खऱ्या नदीसारखाच प्रतिसाद दिला. त्यामुळे ओळखीचा मोठा भाग या अमिनो आम्लांच्या प्रमाणात असावा असं मानलं जातं.

आता आपल्या मादीकडे परत. तिच्यापुढे एक अडचण आहे, जी इसाक्वाच्या कोहोला नव्हती. ती समुद्राकडे निघाली ती शुस्वॅप तळ्यातून, ॲडम्समधून नव्हे. आणि शुस्वॅपला एकटी ॲडम्स येऊन मिळत नाही. स्कॉच क्रीक आहे, सीमोर नदी आहे, ईगल नदी आहे, आणि त्यांतल्या कित्येकांत सॉकाय अंडी घालतात. तळ्याचा वास लक्षात ठेवून ती तळ्यापर्यंत येईल. पुढे कुठल्या दारातून आत जायचं?

उत्तर असं आहे की वास पाठ करायची खिडकी एकदाच उघडत नाही. माशाच्या शरीरात थायरॉइडचं संप्रेरक वाढलं की नाकातल्या पेशी आणि मेंदूतली वासाची जागा नवं शिकायला तयार होते. सॉकायमध्ये हे गोट्यांतून बाहेर पडण्याच्या सुमाराला एकदा होतं, आणि समुद्राकडे निघताना पुन्हा एकदा. समुद्राकडे कधीच न जाणारे, तळ्यातच आयुष्य काढणारे सॉकाय असतात, त्यांना कोकनी म्हणतात (नावावर जाऊ नका, कोकणाशी संबंध नाही). त्यांच्या पिल्लांना या दोन काळांत मॉर्फोलिनचा वास दिला तर मोठेपणी ते त्याकडे येतात, असं प्रयोगात दिसलं आहे. म्हणजे ॲडम्सचा वास पहिल्या खिडकीत पाठ झाला, आणि खालच्या नद्यांचा, संगमांचा क्रम दुसऱ्या खिडकीत. परत येताना ही पोथी शेवटच्या पानापासून पहिल्या पानाकडे वाचायची.

प्रत्यक्षात ती वाचण्याची रीत अगदी साधी आहे. ओळखीचा वास लागला की प्रवाहाच्या विरुद्ध पोहायचं. वास तुटला की थांबायचं, थोडं मागे वाहायचं, आडवंतिडवं हुंगत फिरायचं, आणि परत वास लागला की वर. लिटन गावाजवळ फ्रेझरचं गढूळ तपकिरी पाणी आणि थॉम्पसनचं निळं-हिरवं पाणी शेजारी शेजारी वाहताना रस्त्यावरूनही दिसतं. आपली मादी तिथे थॉम्पसनच्या बाजूला वळते. पुढे कॅमलूप्सला नॉर्थ आणि साऊथ थॉम्पसनचा संगम, तिथे साऊथ. माशाला नकाशा डोक्यात ठेवावा लागत नाही. प्रत्येक नाक्यावर एकच प्रश्न: घरचा वास कुठल्या बाजूला आहे?

पण हे सगळं फ्रेझरच्या तोंडापासून पुढचं. भर समुद्रात हजारो किलोमीटरवर नदीचा वास येणं शक्य नाही. तिथे दुसरी यंत्रणा लागते, आणि ती आहे पृथ्वीच्या चुंबकत्वाची जाण. पृथ्वीवर जागा बदलली की चुंबकीय क्षेत्राचा जोर आणि त्याचा जमिनीशी असलेला कल, दोन्ही बदलतात. किनाऱ्यावरच्या एखाद्या ठिकाणाला त्यामुळे जणू पत्ताच मिळतो. पिल्लू नदीतून समुद्रात शिरताना तो पत्ता टिपून ठेवतं असा अंदाज होता. तपासायचा कसा?

इथे व्हँकूवर बेट उपयोगी पडलं. हे लांबलचक बेट फ्रेझरच्या तोंडासमोर आडवं पडलेलं आहे. समुद्रातून येणाऱ्या सॉकायला एकतर बेटाच्या उत्तरेकडून वळसा घालावा लागतो किंवा दक्षिणेकडून, ह्वान दे फूकाच्या सामुद्रधुनीतून. कुठल्या बाजूने किती मासे आले, याची नोंद मासेमारीच्या हिशेबात दरवर्षी होते. नोंद काटेकोर असण्याचं कारण शास्त्र नव्हे, पैसा: दक्षिणेकडून आलेले मासे वाटेत अमेरिकेच्या पाण्यातून जातात, उत्तरेकडून आलेले कॅनडातच राहतात. आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तर स्थिर नसतं, दरवर्षी किंचित सरकतं. २०१३ मध्ये नेथन पटमन आणि सहकाऱ्यांनी ५६ वर्षांच्या या नोंदी घेतल्या आणि प्रत्येक वर्षासाठी एक प्रश्न विचारला. मासे दोन वर्षांपूर्वी निघाले तेव्हा फ्रेझरच्या तोंडाशी जो चुंबकीय पत्ता होता, तो आज उत्तरेच्या दाराशी जास्त जुळतो की दक्षिणेच्या? ज्या वर्षी उत्तरेचं दार जास्त जुळलं त्या वर्षी उत्तरेने येणाऱ्यांचा वाटा वाढलेला होता. समुद्राच्या तापमानाचाही हात असतो, पाणी उबदार असेल तेव्हा उत्तरेने जास्त येतात. पण तापमान वजा केल्यावरही चुंबकाचा परिणाम उरतो.

म्हणजे चुंबक दारापर्यंत आणतो, आणि दारातून पुढे नाक. शहराच्या एसटी स्टँडपर्यंत पाटी वाचून यायचं, आणि तिथून आजोळच्या गल्लीत भाकरी भाजल्याच्या वासावर, असा हा प्रकार.

वाट माहीत असणं वेगळं आणि चालून जाणं वेगळं. फ्रेझरमध्ये शिरण्याच्या सुमारास सॉकाय खाणं बंद करतो. पूर्णपणे. त्याचं पोट आणि आतडं आकसून जातं. तिथून पुढचं सगळं, पोहणं, अंडी पिकवणं, रंग बदलणं, घर खणणं, समुद्रात साठवलेल्या चरबीवर आणि शेवटी स्वतःच्या स्नायूंवर चालतं. मांसातला नारिंगी रंग तिथून निघून कातडीत आणि अंड्यांत जातो, म्हणून मासा बाहेरून लाल होतो तसं आतलं मांस फिकट पडत जातं. नराला पाठीवर कुबड येतं आणि जबडा आकड्यासारखा वळतो.

हा हिशेब मोजलेला आहे. नदीत शिरताना सॉकायच्या शरीरात दर किलोमागे साधारण ८ ते १० मेगाज्यूल ऊर्जा असते. ती ४ च्या खाली गेली की मासा जगत नाही. म्हणजे खर्चायला हातात निम्म्याच्या आसपास रक्कम, आणि वाटेत एकही एटीएम नाही. त्यातला मोठा वाटा अंड्यांसाठी राखून ठेवावा लागतो. एका मादीत तीन-चार हजार अंडी असतात.

त्यातच शरीराचं मिठाचं गणित उलटं करायचं असतं. समुद्रात खारं पाणी माशाच्या अंगातलं पाणी ओढून घेतं, म्हणून तो सतत पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात नेमकं उलट: पाणी आपोआप आत घुसतं आणि मीठ निसटतं. मग पिणं बंद, भरपूर लघवी, आणि कल्ले मीठ आत ओढू लागतात. ही तयारी मासा नदीत शिरण्याच्या आधीच, खाऱ्या पाण्यात असतानाच सुरू करतो.

आणि मग हेल्स गेट. फ्रेझरची दरी इथे आवळत आवळत जेमतेम ३५ मीटरवर येते, आणि एवढ्या मोठ्या नदीचं सगळं पाणी त्या फटीतून जातं. वर केबल कारमध्ये बसून पाहताना माणसाच्या पोटात गोळा येतो. १९१३ मध्ये रेल्वेमार्ग खणताना निघालेला दगड नदीत ढकलला गेला, १९१४ मध्ये दरडच कोसळली, आणि पाण्याचा वेग एवढा वाढला की मासे वर जाईनात. खाली लाखोंनी अडकले. तिथले मूळचे रहिवासी असलेल्या न्लाकापामुख लोकांनी टोपल्यांत भरभरून मासे वर नेऊन सोडले. काँक्रीटचे मत्स्यमार्ग, म्हणजे माशांना टप्प्याटप्प्याने चढता येईल असे बांधीव पाट, तयार व्हायला १९४० चं दशक उजाडलं.

वेगवान पाण्यात सॉकाय कसा पोहतो हे पाहण्यासाठी माशांच्या स्नायूंत हालचाल टिपणारे छोटे रेडिओ बसवून अभ्यास झाले. जे मासे पार होतात ते प्रवाहाशी झुंजत नाहीत. काठाला चिकटून, खडकामागे पाणी उलटं फिरतं त्या भोवऱ्याचा आधार घेत, थोडं थोडं सरकतात. उलट्या प्रवाहात जणू फुकटची लिफ्ट मिळते. जे धारेत शिरून जोर लावत राहतात ते दमतात, मागे फेकले जातात, परत जोर लावतात आणि मरतात. आमच्या गावचा एक होडीवाला भरतीच्या तोंडाशी खाडीत होडी कशी वल्हवायची हे सांगताना काठाने चल म्हणायचा, त्याची आठवण झाली.

हल्ली मात्र धारेपेक्षा मोठा शत्रू आहे ऊन. फ्रेझरचं उन्हाळ्यातलं पाणी १९५० च्या दशकाच्या तुलनेत सुमारे २ अंशांनी तापलं आहे. १८ अंशांच्या वर सॉकायचे हाल सुरू होतात, २०-२१ अंश काही दिवस टिकले तर मासे मोठ्या संख्येने मरतात. आपल्याला २० अंश म्हणजे स्वेटर शोधायचं तापमान, पण माशाच्या शरीराचं तापमान पाण्याएवढंच असतं. पाणी तापलं की शरीराला प्राणवायू जास्त लागतो, पाण्यात मात्र तो कमी विरघळतो. हृदय जोरात धडधडू लागतं आणि एका मर्यादेनंतर आणखी जोरात धडधडू शकत नाही. शरीर चालू ठेवून वर पोहण्यासाठी जी प्राणवायूची शिल्लक लागते, ती संपते. मासा तिथल्या तिथे मरतोच असं नाही, तो फक्त पुढे जाऊ शकत नाही.

ही मर्यादा सगळ्यांची सारखी नसते, आणि याचा शोध मला थक्क करतो. फ्रेझरच्या वेगवेगळ्या उपनद्यांत जन्मलेल्या सॉकायची हृदयं एरिका एलियासन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तपासली. चिल्को तळ्याकडे जाणारे मासे सहाशेहून जास्त किलोमीटर पोहून हजार मीटरहून अधिक उंची चढतात. त्यांची हृदयं तुलनेने मोठी निघाली आणि तापमानाची सोसवणूक सगळ्यांत रुंद. समुद्राजवळच्या छोट्या ओढ्यातले मासे तेवढे दणकट नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या त्याच नदीत परतण्याचा हा परिणाम आहे. मुलं आईबापांच्याच वाटेने चढतात, म्हणून त्या वाटेला लायक नसलेले गळत जातात आणि उरलेल्यांचं शरीर त्या वाटेच्या मापाचं होतं.

ॲडम्सच्या माशांची एक जुनी सवय होती. ऑगस्टमध्ये फ्रेझरच्या तोंडाशी पोचले तरी ते लगेच आत शिरत नसत. तीन ते सहा आठवडे खाऱ्या पाण्यात थांबत, सप्टेंबरात नदी निवली की निघत. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून यांतले बरेच मासे न थांबताच आत शिरू लागले. का, यावर अजून वाद आहेत. परिणामावर नाहीत. लवकर शिरलेल्याला गरम पाणी लागतं. शिवाय नदीच्या तोंडाशी त्यांच्या मूत्रपिंडात एक सूक्ष्म परजीवी शिरतो, जो दिवस आणि उष्णता मोजत वाढतो. लवकर निघालेला मासा अंडी घालायच्या ठिकाणी पोचला तरी तिथे पिकायची वाट पाहत बसतो, आणि तोवर परजीवी पिकतो. काही वर्षी लवकर शिरलेल्यांपैकी बहुतांश मासे अंडी न घालताच मेले. माद्या नरांपेक्षा जास्त मरतात, आणि नदीचं पुढचं सगळं माद्यांच्या संख्येवर अवलंबून असतं.

नाकही बिघडू शकतं. रस्त्यांवरून वाहून येणाऱ्या पाण्यात गाड्यांच्या ब्रेकमधलं तांबं असतं. एका लिटरमध्ये काही मायक्रोग्रॅम विरघळलेलं तांबंही सॅमनच्या पिल्लांचं वास घेणं मंदावतं. आणि वास पाठ करायची वाटच चुकवली तर? कॅलिफोर्नियात २०१४ च्या दुष्काळात नद्या आटल्या म्हणून मत्स्यबीज केंद्रातली चिनूक सॅमनची पिल्लं ट्रकमध्ये भरून खाडीपाशी सोडली गेली. पिल्लं वाचली. पण त्यांनी नदी हुंगलीच नव्हती. अशी पिल्लं मोठी होऊन परतली की मोठ्या संख्येने भलत्याच नद्यांत शिरतात. पोथीची मधली पानंच कोरी.

थोडेफार मासे मात्र नैसर्गिकरीत्याही चुकतात, आणि ते चांगलंच आहे. हिमयुगात हा सगळा प्रदेश बर्फाखाली होता, एकाही नदीत सॅमन नव्हता. आज आहे तो चुकलेल्या माशांमुळे.

आपली मादी चुकली नाही. कठड्यावरून आई जिच्याकडे बोट दाखवत होती ती तीच होती असं समजू. ती एका कुशीवर वळायची आणि शेपटीचे पाच-सहा सपकन फटके मारायची. गोटे उडायचे, गाळ वाहून जायचा, खड्डा जरा खोल व्हायचा. शेपटीची कड घासून पांढरी पडलेली. बाजूला एक कुबडवाला नर, मधे मधे दुसऱ्याला चावून हाकलणारा. मग दोघं खड्ड्यावर शेजारी शेजारी आले, तोंडं उघडली, अंग थरथरलं, आणि पाणी क्षणभर दुधाळ झालं. नंतर ती थोडी वर सरकली आणि तिथे नव्याने शेपटी मारू लागली. त्यातून उडालेले गोटे खालच्या अंड्यांवर जाऊन बसले. खणणं आणि झाकणं एकाच कामात.

अंडी संपल्यावर ती आठवडाभर, फार तर दहा दिवस जगते. तेवढे दिवस ती खड्ड्यावर पहारा देते. रोगप्रतिकार शक्ती संपलेली असते, अंगावर कापसासारखी बुरशी चढते.

काठावर अशा मेलेल्या माशांचा खच पडला होता. आईने पदर नाकाला लावला. पलीकडे गमबूट घातलेली गणतीवाली दोन पोरं त्यांच्यातून चालत होती, हातात कोयता. त्यांतल्या एकीने एक मेलेली मादी उचलली आणि पोट चिरलं. आत गाभोळी भरलेली दिसली तर मासा पोचूनही अंडी न घालता मेला, निम्मी असेल तर निम्मं काम झालं. हिचं पोट रिकामं होतं, चार-पाच अंडी सोडून. तिने जोडीदाराला आकडा सांगितला, त्याने वहीत लिहिला. मग कोयत्याच्या एका घावात माशाचे दोन तुकडे केले, म्हणजे उद्या पुन्हा मोजला जाणार नाही, आणि दोन्ही तुकडे पाण्यात फेकले.